कागदी पिशवीचा मॉकअप घरी कसा बनवायचा: दोरीचे बंद, छपाई आणि जागच्या जागी पडलेल्या घड्या

माझं पहिलं पिशवीचं काम साड्यांच्या एका दुकानासाठी होतं. मी नेटवरून एक तयार मॉकअप उतरवला, त्यात दुकानाचं नाव बसवलं आणि मालकांना पाठवलं. खाकी पिशवी, त्यावर पांढरंशुभ्र नाव, शेजारी सुती दोरीचे बंद. त्यांना फार आवडलं. महिन्याभराने छापून आलेली पिशवी त्यांनी माझ्यासमोर ठेवली. नाव मळकट दिसत होतं आणि खालची पत्त्याची ओळ नेमकी एका आडव्या घडीवर आली होती. मॉकअपमध्ये ती घडी नव्हतीच. तिथे कुणीतरी शोभेच्या चार सुरकुत्या भलत्याच ठिकाणी काढल्या होत्या.

चूक माझी होती. पिशवी कशी बनते हे न बघता मी तिचं चित्र दाखवलं होतं. तेव्हापासून मी मॉकअप स्वतः बनवते, आणि तोही त्याच मापाच्या खऱ्या पिशवीचा फोटो काढून. पहिल्यांदा पूर्ण दिवस जातो. नंतर तीच फाइल वर्षानुवर्षं वापरता येते. खालच्या पायऱ्या फोटोशॉपसाठी आहेत.

काय काय लागेल

- एक कोरी, पांढरी, चकाकी नसलेली कागदी पिशवी, दोरीच्या बंदांसह. मी इथे २५ सेंमी रुंद, ३५ सेंमी उंच आणि १० सेंमी खोल अशी पिशवी धरली आहे. घाऊक बाजारात कागदी पिशव्यांच्या दुकानात एकेक नगही देतात.
- फोन किंवा कॅमेरा, आणि तो हलणार नाही असा ट्रायपॉड.
- खिडकी, एक मोठा पांढरा कार्डपेपर, जुनी वर्तमानपत्रं.
- मोजपट्टी.
- फोटोशॉप, आणि त्यातलं पेन टूल थोडं हातात बसलेलं असावं.

खाकी पिशवी हवी असली तरी फोटो पांढरीचाच काढा. पांढऱ्या कागदावर सावली राखाडी दिसते आणि तिच्यावर नंतर कुठलाही रंग चढवता येतो. खाकी कागदाच्या फोटोतून पांढरी पिशवी मात्र धड निघत नाही.

## १. आधी पिशवी उलगडून बघा

कॅमेरा हातात घेण्याआधी पिशवी पूर्ण चपटी करा, पुन्हा उघडा आणि कुठे कुठे घडी पडते ते बघा. या पिशव्या कारखान्यातून चपट्या येतात. त्यामुळे तिच्यावरच्या मुख्य घड्या योगायोगाने पडलेल्या नसतात, त्यांच्या जागा ठरलेल्या असतात.

बाजूच्या पट्टीच्या मधोमध एक उभी घडी असते, कारण चपटी होताना ती पट्टी आत जाते. तळाशी त्या पट्टीवर दोन तिरप्या रेघा दिसतात. खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून निघून त्या उभ्या घडीला मिळतात आणि त्रिकोण होतो. त्या त्रिकोणाची उंची पिशवीच्या खोलीच्या साधारण निम्मी असते, म्हणजे आपल्या पिशवीत ५ सेंमी.

आता माझा घात केलेली घडी. चपट्या पिशवीचा तळ पुढच्या किंवा मागच्या एका अंगावर वर दुमडलेला असतो. म्हणून त्या अंगावर, तळापासून तेवढ्याच ५ सेंमीवर, एक आडवी घडी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. दुसऱ्या अंगावर ती नसते किंवा फार पुसट असते. काही यंत्रांवर बनलेल्या पिशव्यांना ती दोन्हीकडे दिसते, म्हणून तुमच्या हातातली पिशवीच बघा. ग्राहकाची मुख्य छपाई कोणत्या अंगावर येणार हे छापखान्याला विचारा आणि त्याच अंगाचा फोटो काढा.

वरच्या टोकाला कागद आत दुमडून त्यात बहुधा पुठ्ठ्याची पट्टी घातलेली असते, म्हणून तोंडाचा वरचा ४-५ सेंमीचा भाग ताठ आणि सपाट राहतो. दोरीची भोकं त्याच पट्टीत असतात आणि दोरीला आतून गाठ मारलेली असते. थोडक्यात, वर ताठ, मध्ये किंचित फुगीर, खाली घडी. तोंडाजवळ जास्त सुरकुत्या काढलेला मॉकअप बघितला की पिशव्या बनवणाऱ्या माणसाला तो लगेच खोटा वाटतो.

एका कागदावर पिशवीचं हे अंग काढा. घड्यांची अंतरं, भोकांमधलं अंतर आणि वरून भोकांपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. पुढे हे आकडे लागतील.

## २. पिशवी भरून उभी करा आणि फोटो काढा

रिकामी पिशवी उभी केली तर तिची अंगं आत वळतात. आत वर्तमानपत्राचे सैल बोळे टाका, पण घट्ट भरू नका, नाहीतर पिशवी पिंपासारखी फुगते. तोंडापासून हातभर लांबून बघितल्यावर पुढचं अंग मध्यभागी जेमतेम बाहेर आलेलं दिसलं की पुरे.

बंद कसे पडतात इकडे लक्ष द्या. नवी दोरी गुंडाळून आल्यामुळे वाकडी असते. तिला थोडी वाफ द्या किंवा रात्रभर ताणून ठेवा. पुढचा बंद उभा ठेवायचा असेल तर मागून पातळ पारदर्शक दोऱ्याने टांगा, तो नंतर फोटोतून काढता येतो. मला स्वतःला पुढचा बंद पुढे पडलेला आणि मागचा उभा असा फोटो आवडतो, कारण हातातून नुकतीच खाली ठेवलेली पिशवी अशीच दिसते. पण पुढे पडलेली दोरी छपाईचा काही भाग झाकते. नाव वरच्या भागात असेल तर दोन्ही बंद उभे ठेवा.

खिडकी पिशवीच्या एका बाजूला हवी, समोर नको. समोरून उजेड आला की घड्या दिसेनाशा होतात. बाजूने आला की प्रत्येक घडीची एक कड उजळते आणि दुसरी गडद होते. दुसऱ्या बाजूला पांढरा कार्डपेपर उभा करा, म्हणजे सावली काळी पडणार नाही. थेट ऊन नको.

कॅमेरा पिशवीच्या मध्याच्या उंचीवर आणि निदान दोन मीटर लांब ठेवा, मग झूम करा. जवळून रुंद लेन्सने काढलं तर पिशवीचा जवळचा भाग मोठा आणि लांबचा निमुळता येतो. तिला थोडी तिरकी फिरवा, म्हणजे एक बाजूची पट्टीही दिसेल.

सगळ्यात सामान्य फसगत उजेडाच्या मापात होते. कागद अगदी पांढरा आला तर त्यातल्या घड्या गेल्याच, त्या परत आणता येत नाहीत. फोटोशॉपमध्ये `Info` पॅनल उघडून कागदाच्या सर्वांत उजळ भागावर कर्सर न्या. आकडा २२५ ते २३५ च्या आसपास हवा. २५० च्या पुढे असेल तर उजेड कमी करून पुन्हा फोटो काढा.

## ३. पिशवी आणि दोरी वेगळी करा

पेन टूलने पिशवीची कड काढा. पुढचं अंग एक आकार, बाजूची पट्टी दुसरा. कड पूर्ण सरळ काढू नका, खरी कड जिथे किंचित वाकते तिथे तिच्याबरोबर जा.

दोरीसाठी वेगळा लेयर करा. सुती दोरीला बारीक तंतू असतात आणि पेनने कापल्यावर ती प्लास्टिकच्या नळीसारखी दिसते. म्हणून मास्कची कड अर्धा ते एक पिक्सेल मऊ करा. दोरी जिथे भोकात शिरते तिथली बारीक गडद सावलीही दोरीच्या लेयरमध्ये घ्या, नाहीतर दोरी कागदावर चिकटवल्यासारखी वाटते.

दोरीची कागदावर पडलेली सावली मात्र कापू नका, ती मूळ फोटोतच राहू द्या. छपाई तिच्याखाली आपोआप गडद होईल. शेवटी लेयरची रचना वरून खाली अशी असेल:

```
Highlights   (Screen)
Rope
Print-Front  (Multiply)
Print-Side   (Multiply)
Bag-Photo
Background
```

## ४. छपाईची जागा खऱ्या मापात बनवा

२५०० × ३५०० पिक्सेलचा एक पांढरा आयत काढा. म्हणजे १०० पिक्सेल बरोबर १ सेंमी. हे माप मी मुद्दाम असं ठेवते. तळापासून ५ सेंमीची घडी म्हणजे खालून ५०० पिक्सेल, १२ सेंमीचं नाव म्हणजे १२०० पिक्सेल. डोक्यात हिशोब राहतो. इथेच घड्यांच्या आणि भोकांच्या जागी गाइड टाकून ठेवा.

या आयतावर आत्ताच नाव बसवू नका. आधी काळ्या-पांढऱ्या चौकोनांची जाळी भरा, प्रत्येक चौकोन २ सेंमीचा. जाळीत चूक लगेच दिसते, नावामागे ती लपते.

आयताला उजवं क्लिक करून `Convert to Smart Object` करा. मग `Edit > Transform > Distort` ने त्याचे चार कोपरे फोटोतल्या पुढच्या अंगाच्या चार कोपऱ्यांवर नेऊन ठेवा आणि लेयरचा मोड `Multiply` करा. पांढरा भाग नाहीसा होऊन खालच्या सावल्या जाळीतून वर येतील.

बाजूच्या पट्टीसाठी असाच १००० × ३५०० चा दुसरा आयत घ्या. पट्टी मधल्या घडीवर आत वळलेली असते, म्हणून तो मधोमध दुभागून दोन अर्धे वेगवेगळे बसवावे लागतात. एकच आयत ताणून बसवला तर छपाई त्या घडीवरून सपाट जाते.

## ५. कागदाचा बाक आणि मोठ्या घड्या हाताने बसवा

`Edit > Transform > Warp` घ्या. मध्यभागाचा फुगवटा चारही कडा हलक्या ओढून येतो. पिशवीची खरी कड आणि जाळीची कड एकमेकींवर आली की थांबा.

आडव्या घडीसाठी वरच्या पट्टीतलं आडवं `Split` वापरून घडीवर एक रेघ टाका. आता घडीच्या वरचा आणि खालचा भाग वेगळा वाकवता येतो. घडीखालचा भाग तळाकडे थोडा आत जातो, त्यामुळे तिथले चौकोन किंचित बुटके दिसायला हवेत. फोटोतली खरी घडी बघत बसवा. हा भाग संथपणे करा. पूर्ण मॉकअपमधली निम्मी विश्वासार्हता या एका रेघेत आहे.

## ६. बारीक सुरकुत्यांसाठी नकाशा बनवा

बारीक सुरकुत्या हाताने बसवत बसलात तर आठवडा जाईल. त्यासाठी `Displace` फिल्टर आहे. हा फिल्टर एका राखाडी चित्राकडे बघून छपाई सरकवतो. चित्रात मधला राखाडी, म्हणजे १२८, असेल तिथे काहीच हलत नाही. त्याहून गडद असेल तिथे एका दिशेने सरकतं, उजळ असेल तिथे उलट दिशेने.

बहुतेक नवखे इथेच अडतात. पांढऱ्या पिशवीचा फोटो जसाच्या तसा नकाशा म्हणून दिला तर पूर्ण कागद २२० च्या आसपास असतो, आणि सुरकुत्या बाजूला राहून सगळी छपाईच एका बाजूला सरकते. मग आपण आकडे वाढवत बसतो आणि छपाई आणखी लांब जाते. उपाय असा:

मूळ फोटोची त्याच मापाची प्रत करा. पिशवीबाहेरचा भाग जवळपासच्या कागदाच्या राखाडी रंगाने भरा. दोरी आणि दोरीची सावलीही `Clone Stamp` ने पुसून टाका. सावली म्हणजे खोलगट जागा नव्हे, पण फिल्टरला ते कळत नाही आणि छपाई सावलीच्या कडेने वाकडी होते. मग चित्र कृष्णधवल करून `Filter > Other > High Pass` लावा. पुढचं अंग फोटोत १८०० पिक्सेल रुंद असेल तर ४० पिक्सेलची त्रिज्या ठीक पडते. यामुळे खिडकीकडून येणारा मोठा उजेड-अंधार निघून जातो, कागद १२८ वर येतो आणि फक्त सुरकुत्या उरतात. शेवटी २ पिक्सेलचा `Gaussian Blur` द्या, नाहीतर कागदाच्या कणांमुळे अक्षरांच्या कडा फाटतात. मोठी आडवी घडी आपण हाताने बसवली आहे, म्हणून तीही नकाशातून ब्रशने १२८ चा राखाडी लावून मिटवा. फाइल `bag-map.psd` नावाने साठवा.

आता मूळ फाइलमध्ये परत या. आपला स्मार्ट ऑब्जेक्ट पूर्ण फोटोपेक्षा लहान आहे. फिल्टर सरळ त्याच्यावर लावला तर नकाशा तेवढ्याच जागेत ताणला जाऊन सुरकुत्या चुकीच्या ठिकाणी पडू शकतात. म्हणून छपाईच्या खाली पूर्ण कॅनव्हासभर पांढरा लेयर टाका, दोन्ही लेयर निवडून पुन्हा `Convert to Smart Object` करा आणि नव्या लेयरचा मोड `Multiply` ठेवा. पांढरं दिसणार नाही, पण नकाशा आणि लेयर एकाच मापाचे होतील. पुढच्या अंगाचा मास्क या लेयरला लावायला विसरू नका.

मग `Filter > Distort > Displace`. आडवं आणि उभं दोन्ही ५ ने सुरू करा, खाली `Stretch To Fit` आणि `Repeat Edge Pixels` निवडा, आणि नकाशाची फाइल दाखवा. जाळीच्या रेघा सुरकुतीपाशी थोड्या थरथरल्या तर जमलं. रेघ तुटून पायरीसारखी दिसली तर आकडा कमी करा किंवा नकाशा आणखी एक-दोन पिक्सेल धूसर करा. सुरकुती एकीकडे आणि वाक दुसरीकडे दिसला तर नकाशा आणि फोटोचं माप जुळत नाही. बहुतेक वेळा मधेच कुठेतरी फोटो क्रॉप केलेला असतो.

बाजूच्या पट्टीला हा फिल्टर मी लावत नाही. तिथल्या घड्या सरळ आणि मोठ्या असतात, वॉर्प पुरतो.

## ७. गडद रंगाची पिशवी असेल तर

`Multiply` फक्त गडद करतं. मरून किंवा गडद निळ्या पिशवीवर ते लावलं की घड्यांच्या उजळ कडा बुडून जातात आणि पिशवी रंगवलेल्या पुठ्ठ्यासारखी दिसते. म्हणून मूळ फोटोची एक कृष्णधवल प्रत सगळ्यात वर ठेवा, `Levels` ने फक्त सर्वांत उजळ कडा शिल्लक ठेवा, मोड `Screen` आणि अपारदर्शकता २० ते ३० टक्के. तिलाही पिशवीच्या आकाराचा मास्क द्या आणि त्या मास्कमधून दोरी वगळा. लॅमिनेशन नसलेला कागद कमी चमकतो, तेव्हा हा लेयर जपून वापरा.

## ८. छापखाना जे छापेल तेच दाखवा

जाळी लपवून खरं डिझाइन घाला. दोनदा क्लिक करत आतल्या स्मार्ट ऑब्जेक्टपर्यंत जा, डिझाइन पेस्ट करा, साठवा आणि बाहेर या.

खाकी पिशवी हवी असेल तर `Bag-Photo` वर `Solid Color` लेयर टाका, त्याला पिशवीच्या आकाराचा मास्क द्या आणि तो `Multiply` करा. छपाईही `Multiply` असल्याने तिचे रंग आपोआप खाकीतून दिसतील. पिवळा तपकिरीकडे झुकेल, आकाशी हिरवट-राखाडी होईल. ग्राहकाला हे आवडणार नाही, पण पांढऱ्या शाईचा थर न देता खाकी कागदावर छापलं तर प्रत्यक्षातही तसंच होतं, कारण छपाईच्या चार शाया पारदर्शक असतात आणि कागदाचा रंग त्यांतून दिसतो.

पांढरं अक्षर खाकीवर हवंच असेल तर ते `Normal` मोडच्या वेगळ्या लेयरवर ठेवा, आणि तो लेयर सुरू करण्याआधी छापखान्याला विचारा की पांढरी शाई स्क्रीन प्रिंटिंगने देणार का आणि किती हात देणार. एका हातात पांढरं बहुधा पूर्ण झाकत नाही. तेव्हा अपारदर्शकता ८५ टक्क्यांच्या आसपास आणा, म्हणजे कागद थोडा डोकावेल. साडीच्या दुकानाच्या वेळी मी हा एक प्रश्न विचारला असता तर मालकांना ते मळकट नाव आधीच दिसलं असतं आणि त्यांनी गडद हिरव्या शाईत छापून घेतलं असतं. दुसऱ्या खेपेला त्यांनी तसंच केलं.

नंतर गाइडवर नजर टाका. तळाच्या घडीच्या वर-खाली १ सेंमीमध्ये बारीक अक्षर येत असेल तर ते हलवा. त्यांची पत्त्याची ओळ मी तळापासून ५ सेंमीवरून ८ सेंमीवर नेली. भोकांभोवती निदान दीड सेंमी मोकळं ठेवा, कारण भोक पाडताना थोडं इकडेतिकडे होतं आणि दोरीही तिथे छपाई झाकते.

## ९. पाठवण्याआधी

मॉकअप २४०० पिक्सेल रुंद `JPEG` करून `sRGB` मध्ये पाठवा, नाहीतर फोनवर रंग फिके दिसतात. त्याबरोबर पहिल्या पायरीत काढलेलं मापांचं चित्रही द्या, डिझाइन त्यावर सपाट ठेवून आणि घड्या तुटक रेघांनी दाखवून. ग्राहक मॉकअप बघून हो म्हणतो, पण छापखाना त्या सपाट चित्रावरून छापतो, आणि दोन्हींत नावाची जागा एकच हवी. मूळ `PSD` मध्ये जाळीचा लेयर बंद करून ठेवा. पुढच्या ग्राहकाची पिशवी वेगळ्या मापाची असली की पुन्हा तिथूनच सुरुवात करायची असते.